साइन भागिले साइन अधिक कोसाइन: परावर्तनाने सुटणारा समाकल

साइनला साइन आणि कोसाइन यांच्या बेरजेने भागले की एक फलन मिळते. त्या फलनाचा शून्य ते π/2 या मर्यादांमधला निश्चित समाकल असा लिहितात:

I = ∫₀^(π/2) [ sin x / (sin x + cos x) ] dx

याची किंमत π/4, म्हणजे सुमारे ०.७८५४ येते. बारावीच्या आणि अभियांत्रिकी प्रवेशाच्या अभ्यासात हे उदाहरण हमखास भेटते. ते सोडवण्याची सर्वांत छोटी रीत परावर्तन गुणधर्माची आहे. या रीतीत फलनाचे प्रतिअवकलज शोधावे लागत नाही. मूळ समाकल आणि त्याचे उलटवलेले रूप यांची बेरीज घेतली की उत्तर समोर येते. ही बेरीज इतकी सोपी का होते आणि कोणत्या अटी सुटल्या की होत नाही, हे समजले तर रीत पाठ करावी लागत नाही.

फलनाचा अर्थ

एक काटकोन त्रिकोण घ्यावा आणि त्याच्या एका लघुकोनाला x म्हणावे. या कोनाची संमुख बाजू भागिले कर्ण म्हणजे sin x, आणि लगतची बाजू भागिले कर्ण म्हणजे cos x. आपल्या फलनात अंशात आणि छेदात दोन्हीकडे कर्णाने भागलेले असल्यामुळे कर्ण निघून जातो आणि उरते ते असे:

f(x) = संमुख बाजू / (संमुख बाजू + लगतची बाजू)

म्हणजे काटकोन करणाऱ्या दोन बाजूंच्या एकूण लांबीत संमुख बाजूचा वाटा किती, एवढेच हे फलन सांगते. ३, ४, ५ या बाजूंच्या त्रिकोणात दोन्ही बाजू मिळून ७ होतात. लहान लघुकोनासाठी, म्हणजे सुमारे ३६.८७ अंशांसाठी, संमुख बाजू ३ आहे, म्हणून वाटा 3/7. मोठ्या लघुकोनासाठी, म्हणजे सुमारे ५३.१३ अंशांसाठी, संमुख बाजू ४ आहे, म्हणून वाटा 4/7. दोन्ही वाट्यांची बेरीज १.

ही बेरीज १ येणे केवळ या त्रिकोणापुरते नाही. काटकोन त्रिकोणाचे दोन लघुकोन एकमेकांचे कोटिकोन असतात: एक x असेल तर दुसरा π/2 − x. एकाची संमुख बाजू ही दुसऱ्याची लगतची बाजू असते. त्यामुळे एका कोनाकडून पाहिले तर एका बाजूचा वाटा मिळतो आणि दुसऱ्या कोनाकडून पाहिले तर उरलेल्या बाजूचा. दोन्ही वाटे मिळून पूर्ण लांबी होणारच. सूत्रात सांगायचे तर:

f(x) + f(π/2 − x) = 1

या समाकलाचे सगळे मर्म या एका ओळीत आहे. काही ठळक कोनांसाठी फलनाच्या किमती काढून पाहिल्या की ती आकड्यांतही दिसते.

| कोन | f(x) |
|---|---|
| ०° | ० |
| १५° | ०.२११३ |
| ३०° | ०.३६६० |
| ४५° | ०.५ |
| ६०° | ०.६३४० |
| ७५° | ०.७८८७ |
| ९०° | १ |

वरून पहिली आणि खालून पहिली किंमत मिळून १ होते. वरून दुसरी आणि खालून दुसरी, म्हणजे ०.२११३ आणि ०.७८८७, यांचीही बेरीज १ येते. तिसऱ्या जोडीचेही तसेच. मधली ४५ अंशांची किंमत एकटी आहे, कारण ४५ अंशांचा कोटिकोन ४५ अंशच असतो. ती स्वतःशीच जोडी करते, म्हणून बरोबर अर्धी आहे.

परावर्तन गुणधर्म

निश्चित समाकल म्हणजे, फलन ऋण नसेल तेव्हा, आलेखाखालचे क्षेत्रफळ. समजा f चा a पासून b पर्यंतचा आलेख पारदर्शक कागदावर काढला आणि कागद मध्यावरच्या उभ्या रेषेभोवती पालथा केला. डावीकडचा भाग उजवीकडे जाईल, उजवीकडचा डावीकडे येईल, आलेखाचा आकार बदललेला दिसेल, पण त्याखालचे क्षेत्रफळ तेवढेच राहील. पालथा घातल्यावर x या ठिकाणी जी उंची दिसते ती मूळ आलेखात a + b − x या ठिकाणी होती. म्हणून:

∫ₐᵇ f(x) dx = ∫ₐᵇ f(a + b − x) dx

हाच परावर्तन गुणधर्म. एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकात निश्चित समाकलाच्या गुणधर्मांच्या यादीत तो दिलेला आहे. प्रवेश परीक्षांच्या शिकवणी वर्गांत त्याला ‘किंग प्रॉपर्टी’ म्हणतात.

त्याची सिद्धता आदेशाच्या रीतीने दोन ओळींत होते. u = a + b − x असे मानावे. मग dx = −du. x जेव्हा a असतो तेव्हा u ची किंमत b असते, आणि x जेव्हा b होतो तेव्हा u ची किंमत a होते. म्हणजे मर्यादा उलट्या होतात आणि एक ऋण चिन्हही येते. मर्यादा पुन्हा सरळ केल्या की आणखी एक ऋण चिन्ह येते आणि दोन्ही ऋण चिन्हे एकमेकांना खाऊन टाकतात. शेवटी u च्या जागी x लिहिले तरी चालते, कारण निश्चित समाकलाची किंमत चलाच्या नावावर अवलंबून नसते.

इथे एक गैरसमज टाळायला हवा. गुणधर्म दोन समाकल सारखे आहेत असे सांगतो, दोन फलने सारखी आहेत असे नाही. आपल्या उदाहरणात f(x) आणि f(π/2 − x) यांच्या किमती संपूर्ण अंतरात फक्त ४५ अंशांवर जुळतात. बाकी प्रत्येक ठिकाणी ती दोन फलने वेगळी आहेत. समान आहे ते त्यांच्या आलेखांखालचे एकूण क्षेत्रफळ.

प्रत्यक्ष उदाहरण

इथे a = 0 आणि b = π/2, म्हणून a + b − x म्हणजे π/2 − x. कोटिकोनाच्या नियमानुसार sin(π/2 − x) = cos x आणि cos(π/2 − x) = sin x. समाकल्यात x च्या जागी π/2 − x लिहिले की अंशातल्या साइनचा कोसाइन होतो. छेदातही दोघांची अदलाबदल होते, पण बेरजेत क्रमाला महत्त्व नसल्यामुळे छेद होता तसाच राहतो.

I = ∫₀^(π/2) [ cos x / (sin x + cos x) ] dx

आता I ची दोन रूपे हाताशी आहेत आणि दोघांचा छेद एकच आहे. त्यांची बेरीज केली की अंशात sin x + cos x येते. तेच छेदात आहे, म्हणून समाकल्य १ उरते.

2I = ∫₀^(π/2) 1 dx = π/2

I = π/4

रुंदी π/2 आणि उंची १ असलेला आयत घेतला तर मूळ आलेख त्याच्या डावीकडच्या खालच्या कोपऱ्यातून निघून उजवीकडच्या वरच्या कोपऱ्यात पोहोचतो आणि आयताचे क्षेत्रफळाने बरोबर दोन भाग करतो. मात्र हा आलेख म्हणजे आयताचा सरळ कर्ण नाही. १५ अंशांवर कर्णाची उंची ०.१६६७ असते, तर आलेखाची ०.२११३. ७५ अंशांवर कर्णाची उंची ०.८३३३ आणि आलेखाची ०.७८८७. म्हणजे पहिल्या अर्ध्यात आलेख कर्णाच्या वर राहतो आणि दुसऱ्या अर्ध्यात खाली. वरच्या बाजूला जेवढे क्षेत्रफळ जास्त, नेमके तेवढेच दुसऱ्या बाजूला कमी, कारण दोन्ही भाग एकाच जोडीतून आलेले आहेत.

उत्तराचा ताळा

पहिला ताळा आकड्यांचा. वरच्या तक्त्यातले कोन १५ अंशांच्या, म्हणजे π/12 रेडियनच्या टप्प्यांनी आहेत. समलंब चौकोनांच्या नियमानुसार दोन टोकांच्या किमती निम्म्या घ्यायच्या, मधल्या पूर्ण घ्यायच्या आणि बेरजेला टप्प्याच्या रुंदीने गुणायचे. टोकांचे निम्मे ० आणि ०.५. मधल्या पाच किमतींची बेरीज २.५. एकूण ३, आणि 3 × π/12 = π/4. समलंब चौकोनांचा नियम एरवी अंदाजे उत्तर देतो, पण इथे ते तंतोतंत येते. त्याचे कारणही जोड्यांमध्येच आहे: एका भागात नियमाची जेवढी चूक होते तेवढीच उलट दिशेची चूक त्याच्या जोडीदार भागात होते आणि दोन्ही चुका मिटतात.

दुसरा ताळा नेहमीच्या रीतीने समाकलन करून घेता येतो. अंशातला sin x दोन तुकड्यांत मांडावा:

sin x = ½ (sin x + cos x) − ½ (cos x − sin x)

छेदाने भागले की पहिल्या तुकड्याचे ½ होते. दुसऱ्या तुकड्याच्या अंशात cos x − sin x आहे, आणि हे छेदाचेच अवकलज आहे. त्यामुळे त्याच्या समाकलनातून छेदाचा लॉगरिदम येतो. प्रतिअवकलज असे मिळते:

F(x) = x/2 − ½ ln |sin x + cos x|

x = π/2 असताना sin x + cos x = 1, आणि x = 0 असतानाही ते १ च आहे. १ चा लॉगरिदम शून्य असल्यामुळे लॉगरिदमची दोन्ही पदे जातात आणि π/4 उरते. दोन्ही रीतींचे उत्तर जुळते. परावर्तनाच्या रीतीत लॉगरिदम कुठेच आला नाही, कारण बेरीज करतानाच तो तुकडा नाहीसा होतो.

चूक कुठे होते

सर्वांत जास्त चूक मर्यादांकडे दुर्लक्ष केल्याने होते. साइनचा कोसाइन होतो तो दोन्ही मर्यादांची बेरीज π/2 आहे म्हणून. वरची मर्यादा π/3 असेल तर x च्या जागी π/3 − x येते आणि sin(π/3 − x) म्हणजे cos x नव्हे. तरीही सवयीने ‘उत्तर अंतराच्या निम्मे’ असे लिहिले तर π/6, म्हणजे ०.५२३६ येते. खरे उत्तर वरच्या प्रतिअवकलजावरून काढता येते. ते सुमारे ०.३६७६ आहे. चूक ओळखायला सरासरी उपयोगी पडते. शून्य ते ६० अंशांत फलन शून्यापासून ०.६३४० पर्यंतच चढते आणि मध्यावर, ३० अंशांवर, ते ०.३६६० आहे. उत्तर अंतराच्या निम्मे म्हणजे फलनाची सरासरी ०.५ मानल्यासारखे आहे. मधली किंमत आणि टोकांच्या किमती पाहता ते पटण्यासारखे नाही.

याउलट मर्यादा π/6 आणि π/3 असतील तर त्यांची बेरीज π/2 होते आणि रीत जशीच्या तशी चालते. अंतराची लांबी π/6 आहे, म्हणून उत्तर π/12. म्हणजे खालची मर्यादा शून्यच असली पाहिजे असे नाही. तिथे a − x नव्हे तर a + b − x घ्यायचे, एवढेच लक्षात ठेवावे लागते.

दुसरी अडचण छेद शून्य होण्याची. शून्य ते π/2 या अंतरात साइन आणि कोसाइन दोन्ही ऋण नसतात आणि एकाच वेळी शून्यही होत नाहीत, म्हणून छेद सतत धन राहतो. खरे तर तो कधीच १ च्या खाली जात नाही. वरची मर्यादा π केली तर हे बदलते. ३π/४ वर, म्हणजे १३५ अंशांवर, साइन आणि कोसाइन समान पण विरुद्ध चिन्हांचे असतात आणि छेद शून्य होतो. त्या बिंदूजवळ फलन अमर्याद वाढते आणि समाकलाला सांत किंमत उरत नाही. पण हे न पाहता F(x) मध्ये शून्य आणि π या मर्यादा घातल्या तर π/2 असे दिसायला अगदी नीटनेटके उत्तर मिळते, आणि ते चुकीचे असते. मर्यादा घालण्यापूर्वी छेद अंतरात कुठे शून्य होतो का हे पाहणे म्हणूनच आवश्यक आहे.

तिसरी चूक चिन्हाची. आदेश करताना मर्यादा उलट्या केल्या पण dx = −du मधले ऋण चिन्ह विसरले, तर दुसरे रूप पहिल्याच्या उलट चिन्हाचे येते आणि शेवटी उत्तर शून्य किंवा विसंगत निघते. फलन पूर्ण अंतरात ऋण नाही आणि बहुतेक ठिकाणी धन आहे. त्यामुळे शून्य किंवा ऋण उत्तर आले की मागे जाऊन चिन्ह तपासावे.

कॅल्क्युलेटरवर ताळा घेताना कोनाचे एकक पाहावे लागते. कॅल्क्युलेटर डिग्रीवर असताना शून्य ते १.५७०८ असा समाकल काढला तर उत्तर सुमारे ०.०२१ दाखवले जाते. कारण यंत्राने जेमतेम दीड अंशापर्यंतचेच क्षेत्रफळ मोजलेले असते. रेडियनवर आणले की ०.७८५४ मिळते.

हीच जोडी इतर ठिकाणी

वरच्या सिद्धतेत साइन आणि कोसाइन यांची अदलाबदल होते एवढेच वापरले आहे. ती कितव्या घातात आहेत याचा कुठे संबंध आला नाही. म्हणून n ही कोणतीही धन संख्या घेतली तरी:

∫₀^(π/2) [ sinⁿx / (sinⁿx + cosⁿx) ] dx = π/4

n वाढत गेला की आलेखाचा आकार खूप बदलतो. n मोठा असेल तर ४५ अंशांपर्यंत आलेख जवळजवळ जमिनीला चिकटून राहतो आणि मग एकदम वर चढतो. तरीही कोटिकोनांच्या किमतींची बेरीज १ च राहते, म्हणून क्षेत्रफळ हलत नाही. n अपूर्णांक किंवा अपरिमेय असला तरी फरक पडत नाही. अमेरिकेतल्या पुटनाम गणित स्पर्धेत १९८० साली हा प्रश्न आला होता:

∫₀^(π/2) dx / (1 + (tan x)^√2)

इथे घात √2 आहे. प्रतिअवकलज शोधायला बसलेल्याची वाट इथे लवकरच अडते. पण tan x च्या जागी sin x / cos x लिहून अंश आणि छेद दोन्ही (cos x)^√2 ने गुणले की अंशात (cos x)^√2 आणि छेदात (sin x)^√2 + (cos x)^√2 येते. ही तीच ओळखीची जोडी आहे, आणि उत्तर π/4.

यावरून सर्वसाधारण नियम असा निघतो: f(x) + f(a + b − x) ही बेरीज संपूर्ण अंतरात एकाच किमतीची, समजा k, असेल तर समाकल k(b − a)/2 इतका असतो. एखाद्या उदाहरणात रीत लागू पडेल का हे पाहण्यासाठी ही बेरीज करून पाहणे पुरेसे आहे. त्याआधी घाईने ताळा घ्यायचा असेल तर दोन टोकांच्या किमतींची बेरीज मध्याच्या किमतीच्या दुप्पट येते का तेवढे बघावे. ती येत नसेल तर बेरीज स्थिर नाही हे नक्की. आली तरी मात्र तेवढ्यावरून बेरीज स्थिर आहे असे सिद्ध होत नाही. ती सूत्रानेच दाखवावी लागते.

बेरीज स्थिर नसली म्हणून गुणधर्म निरुपयोगी ठरत नाही, फक्त काम अर्ध्यावर थांबते. समाकल्य sin²x / (sin x + cos x) घेतले तर परावर्तनानंतर अंशात cos²x येते. दोन्हींची बेरीज केली की अंशात sin²x + cos²x, म्हणजे १ येतो, पण छेद तसाच राहतो:

2J = ∫₀^(π/2) dx / (sin x + cos x)

पुढचे समाकलन नेहमीच्या रीतीने करावे लागते. sin x + cos x = √2 cos(x − π/4) असे मांडले की उजव्या बाजूची किंमत √2 ln(1 + √2) येते, आणि J ची किंमत त्याच्या निम्मी, म्हणजे सुमारे ०.६२३२. परावर्तनाने अंशातला वर्ग काढून टाकला आणि उरलेला समाकल सोपा केला. पहिल्या उदाहरणात अंश आणि छेद एकच झाले म्हणून काम तिथेच संपले. इथे छेद उरला, म्हणून आणखी एक पायरी लागली.